दुकानाच्या पाटीवरचं कोरियन: शब्द कुठे तोडायचा आणि प्रत्यय कसा ओळखायचा

समजा सोलमधल्या एका खाणावळीच्या पाटीचा फोटो तुमच्यासमोर आहे. पिवळ्या पत्र्यावर लाल रंगाची सात अक्षरं, एकमेकांना खेटून:

할머니뼈해장국

हान्गुल वाचायला शिकून पंधरा दिवस झाले असतील तरी उच्चार जमतो: हालमोनी-प्यॉ-हेजांगकुक. शब्दकोश उघडला की 할머니 म्हणजे आजी, 뼈 म्हणजे हाड आणि 해장국 म्हणजे रात्रीच्या दारूचा अंमल उतरावा म्हणून सकाळी घेतात तो गरम रस्सा. तिन्ही शब्द कळले, पण पाटी अजून कळलेली नाही. 할머니 नंतर तोडलं तर ‘आजीकडचं, हाडांचं हेजांगकुक’ होतं. 뼈 नंतर तोडलं तर ‘आजीच्या हाडांचं हेजांगकुक’ होतं. यांत्रिक भाषांतरात हा दुसरा अर्थ निघतो, म्हणून कोरियात हे उदाहरण पुष्कळांना ठाऊक आहे.

मराठी माणसाला हा गोंधळ सुरुवातीला खरा वाटत नाही. आपणही प्रत्यय शब्दाला जोडूनच लिहितो. हिंदीसारखं ‘राम ने’ असं सुटं न लिहिता ‘रामाने’ लिहितो, आणि कोरियनमध्येही तसंच आहे. मात्र आपल्याकडे प्रत्यय लागताना शब्द बहुधा आपलं रूप बदलतो. ‘दुकान’चं ‘दुकाना’ होतं, ‘घोडा’चं ‘घोड्या’ होतं. या सामान्यरूपामुळे जागा न सोडता लिहिलं तरी सांधा कुठे आहे ते दिसतं. कोरियन नाम प्रत्यय लागला तरी तसूभर बदलत नाही. 가게 म्हणजे दुकान, आणि प्रत्यय कुठलाही असो, ते 가게च राहतं. त्यामुळे शब्दांमधली मोकळी जागा गेली की सांधाही दिसेनासा होतो. तो शोधायची पद्धत खाली क्रमाने दिली आहे.

आधी थोडं नियमाबद्दल

पूर्वी कोरियन सलग लिहीत असत. 1896 साली सुरू झालेल्या 독립신문 (तोंग्निप शिनमुन) या वृत्तपत्राने शब्दांमध्ये जागा सोडून छापायला सुरुवात केली आणि 1933 च्या शुद्धलेखन नियमांत ती पद्धत पक्की झाली. आज लागू असलेले नियम 1988 मध्ये जाहीर झाले आणि 1 मार्च 1989 पासून अमलात आले. त्यातले तीनच आपल्या कामाचे आहेत. कलम 41 सांगतं की प्रत्यय मागच्या शब्दाला जोडून लिहावा. कलम 42 सांगतं की परावलंबी नाम, म्हणजे आधीच्या शब्दाशिवाय ज्याला अर्थ नाही असं नाम, सुटं लिहावं. कलम 49 सांगतं की विशेषनामं शब्दागणिक तोडून लिहिणं हे तत्त्व असलं तरी ती अधिक मोठ्या गटांतही लिहिता येतात.

पाटीवर जागा नसण्याचं मोठं कारण या तिसऱ्या कलमात आहे. दुकानाचं नाव हे विशेषनाम असल्यामुळे 할머니뼈해장국 असं एकत्र लिहिणं ही चूक मानता येत नाही. दुसरं कारण पाटी तयार करण्याच्या पद्धतीत आहे. हल्लीच्या पाट्यांवर एकेक अक्षर वेगळं कापून, आत दिवे बसवून भिंतीवर ठोकलेलं असतं. कारागीर फळीची लांबी अक्षरांच्या संख्येने भागतो आणि सगळी अक्षरं सारख्या अंतरावर लावतो. जी जागा हवी होती ती या वाटणीत जाते.

पहिली पायरी: फोटो पुरेसा आहे का ते पाहा

फक्त मोठ्या अक्षरांचा फोटो पुरत नाही. दुकानाचा पूर्ण दर्शनी भाग दिसेल असा एक फोटो हवा, आणि शक्य तितका समोरून काढलेला हवा. फूटपाथवरून तिरका काढला की लांबच्या बाजूची अक्षरं एकमेकांजवळ सरकल्यासारखी दिसतात आणि खरी जागासुद्धा मिटून जाते. त्याखेरीज काचेवर चिकटवलेली अक्षरं, दाराजवळची उभी पाटी आणि आतला दरफलक यांचेही वेगवेगळे जवळून काढलेले फोटो घ्या. शब्द कुठे तोडायचा याचा पुरावा मुख्य पाटीपेक्षा या बारीक मजकुरात जास्त वेळा सापडतो.

एक गोष्ट इथेच तपासून घ्या: सगळी अक्षरं अखंड आहेत का? जुन्या पाटीवरून अक्षराची एखादी आडवी काडी गळून पडली की 가 (गा) चं 기 (गी) होतं. भिंतीवर त्या काडीच्या आकाराचा फिकट डाग किंवा खिळ्याची भोकं बहुतेक वेळा उरतात. फोटो मोठा करून तो डाग शोधा.

दुसरी पायरी: जसं आहे तसं उतरवा

आता मजकूर टाइप करा, पण आपल्या मनाने एकही जागा सोडू नका. पाटीवर ओळ जिथे मोडली आहे तिथे तिरपी रेघ घाला, स्पष्ट मोकळी जागा असेल तिथे खालची रेघ घाला, आणि अक्षराबद्दल शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह.

```
할머니뼈/해장국
화장실은가게밖에있습니다
```

वरची पहिली ओळ मुद्दाम तशी घेतली आहे. फळी अरुंद असली की सात अक्षरं वर चार आणि खाली तीन अशी बसवतात, आणि मग 할머니뼈 एका ओळीत आणि 해장국 दुसऱ्या ओळीत जातं. ओळ मोडली म्हणजे शब्द संपला असं मानलं तर आपण आजीच्या हाडांपाशीच पोचू. ओळ फळीच्या मापाने मोडलेली असते, अर्थाने नव्हे. उतरवताना ती खूण ठेवायची, पण तिला पुरावा मानायचं नाही.

रंग आणि आकार बदलला असेल तर मात्र तो पुरावा मानावा. 할머니 बारीक काळ्या अक्षरांत आणि 뼈해장국 मोठ्या लाल अक्षरांत असेल, तर रंगवणाऱ्याला शब्दांची फोड माहीत होती आणि त्याने ती जागेऐवजी रंगाने दाखवली.

तिसरी पायरी: अंतर मोजा, पण मधल्या पांढऱ्या पट्ट्याने नव्हे

हान्गुलचं एकेक अक्षर एका अदृश्य चौकोनात बसतं. 니 सारख्या अक्षरात उभी काडी चौकोनाच्या उजव्या कडेला चिकटते, तर 국 मध्ये आडवी रेघ पूर्ण रुंदी घेते. त्यामुळे दोन अक्षरांमधला रिकामा पट्टा कमीजास्त दिसतो आणि तो पाहून जागेचा अंदाज करणारा हमखास फसतो. पट्टा न मोजता प्रत्येक चौकोनाचा मध्य कुठे येतो ते पाहा आणि एका मध्यापासून पुढच्या मध्यापर्यंतचं अंतर धरा. ही अंतरं सारखी असतील तर पाटीवर जागा सोडलेलीच नाही. एखादं अंतर शेजारच्या अंतराच्या सव्वा-दीडपट असेल तर तिथे जागा सोडली आहे असं समजायला हरकत नाही. फोटो तिरका असेल तर तुलना फक्त लगतच्या अंतरांची करा, दोन टोकांची नको.

चौकोनात न बसणारे फॉन्टही असतात. 1985 चा 안상수체 (आन सांग-सू छे) हा त्यातला प्रसिद्ध. त्यात 국 सारखं अक्षर खाली लोंबतं आणि प्रत्येक अक्षराची बाहेरची रेघ वेगळी पडते. सोलच्या उल्जिरो भागात पत्र्यावर ब्रशने रंगवलेल्या जुन्या पाट्या आहेत, त्यांच्यावरून 2019 मध्ये 을지로체 नावाचा फॉन्ट निघाला. हातच्या लिखाणाची ती ढब आता नव्या पाट्यांवरही दिसते. अशा अक्षरांत मापाने निकाल लागत नाही. ही पायरी सोडून सरळ पुढे जा.

चौथी पायरी: शेवटच्या अक्षराची कसोटी

सगळ्यात भरवशाची पायरी हीच. कोरियनमधल्या काही प्रत्ययांची दोन-दोन रूपं आहेत. आधीचं अक्षर व्यंजनावर संपतं की स्वरावर, यावर कुठलं रूप लागायचं ते ठरतं. अक्षराच्या तळाशी बसणाऱ्या व्यंजनाला 받침 (बाच्छिम) म्हणतात. बाच्छिम आहे की नाही, हे अर्थ अजिबात कळत नसला तरी नुसत्या नजरेने ओळखता येतं.

```
आधी बाच्छिम असेल तर:   은  이  을  과  으로
आधी बाच्छिम नसेल तर:   는  가  를  와  로
```

क्रमाने त्यांची कामं अशी: वाक्याचा विषय दाखवणं, कर्ता दाखवणं, कर्म दाखवणं, ‘आणि’ किंवा ‘सोबत’ हा अर्थ, आणि ‘कडे’ किंवा ‘ने’ हा अर्थ. पाटीवर 가, 과, 로 यांपैकी काही दिसलं की मागचं अक्षर पाहा. रूप जुळत नसेल तर तो प्रत्यय असूच शकत नाही, तो शब्दाचाच भाग आहे.

दवाखान्याची पाटी घ्या. 내과 (नेक्वा) मध्ये 과 दिसतं आणि ‘आणि’ची आठवण होते. पण 내 ला बाच्छिम नाही. ‘आणि’ म्हणायचं असतं तर तिथे 와 आलं असतं. म्हणजे हा 과 प्रत्यय नाही, वैद्यकीय शाखा या अर्थाचं ते नाम आहे, आणि 내과 म्हणजे अंतर्गत रोगांचा विभाग. त्वचारोगांचा 피부과 (फिबुक्वा) आणि दातांचा 치과 (छिक्वा) हेही याच कसोटीने सुटतात. डोळ्यांच्या 안과 (आनक्वा) बाबतीत मात्र कसोटी गप्प राहते, कारण 안 ला बाच्छिम आहे आणि तिथे दोन्ही शक्य आहेत. ऐकताना हा प्रश्न येत नाही, कारण या शब्दांतला शाखेचा 과 घट्ट, ‘क्क्वा’कडे झुकणारा उच्चारतात आणि प्रत्ययाचा 과 मऊ. पण फोटोत उच्चार ऐकू येत नाही.

पत्त्याची पाटी: 종로3가 (जोंगनो सामगा). 종 ला बाच्छिम आहे, त्यामुळे ‘कडे’ या अर्थाने 으로 यायला हवं होतं. नुसतं 로 आहे, म्हणून ते रस्ता या अर्थाचं नाम. 3 चा उच्चार 삼, त्यालाही बाच्छिम आहे, कर्त्यासाठी 이 लागलं असतं. 가 आहे, म्हणून ते रस्त्याच्या भागाचं नाव. एका छोट्या पत्त्यात प्रत्ययासारखी दिसणारी दोन अक्षरं आणि दोन्ही प्रत्यय नाहीत.

खाणावळींच्या नावाच्या शेवटी येणारं 가 अनेकदा ‘घराणं’ किंवा ‘गृह’ या अर्थाचं असतं. 냉면가 असं दिसलं तर 면 ला बाच्छिम असल्यामुळे हा 가 प्रत्यय नाही, ‘नेंगम्यॉनचं, म्हणजे थंड शेवयांचं, घर’ असा अर्थ निघतो. 국수가 असं दिसलं तर 수 स्वरान्त आहे, कसोटी निकाल देत नाही. तिथे एक साधा विचार कामी येतो: कर्त्याचा प्रत्यय लावला की पुढे क्रियापद हवं. नाव 가 वर संपलं आणि पुढे काहीच नसेल तर तो बहुधा गृह या अर्थाचा आहे.

या कसोटीला एक अपवाद आहे आणि तो लक्षात ठेवलाच पाहिजे. बाच्छिम ㄹ (ल/र) असेल तर 으로 न लागता 로च लागतं. म्हणून 서울로 चे दोन अर्थ होतात: ‘सोलकडे’ आणि ‘सोल मार्ग’. सोल स्टेशनजवळचा 1970 चा उड्डाणपूल 2017 मध्ये चालण्याचा बगीचा म्हणून खुला झाला, त्याचं नाव 서울로 7017. या नावात दोन्ही अर्थ बसतात.

सराफाच्या दुकानावर 금은방 (कुमुनबांग) लिहिलेलं असतं. 금 म्हणजे सोनं, त्याला बाच्छिम आहे, आणि पुढे 은 आहे. कसोटीनुसार 금은 म्हणजे ‘सोनं तर’ असं अगदी नीट जुळतं. पण 은 चा दुसरा अर्थ चांदी, आणि 방 म्हणजे खोली किंवा दुकान. सोनं-चांदीचं दुकान. कसोटी नापास करते तेव्हाच तिचा निकाल अंतिम समजायचा. ती पास करते तेव्हा ‘शक्य आहे’ एवढंच कळतं. पुढचं काम शब्दकोशाचं.

पाचवी पायरी: वाक्य असेल तर उजवीकडून सुरुवात

दुकानाच्या नावात क्रियापद नसतं, पण काचेवरच्या सूचनेत असतं, आणि मराठीसारखंच ते शेवटी येतं. म्हणून सूचना वाचताना शेवटून मागे या. दुसऱ्या पायरीत उतरवलेली ओळ घ्या:

화장실은가게밖에있습니다

शेवटी 있습니다 (इस्सुम्निदा), म्हणजे ‘आहे’. त्याच्या मागे 밖에 (बाक्के). त्याच्या मागे 가게, दुकान. उरलं 화장실은: 화장실 म्हणजे स्वच्छतागृह, 실 ला बाच्छिम आहे, म्हणून 은 नीट जुळतं. 가게 आणि 밖에 सुटे वाचले की ‘स्वच्छतागृह दुकानाबाहेर आहे’.

आता तशीच दुसरी ओळ:

이맛은우리집밖에없습니다

शेवट 없습니다 (ऑप्सुम्निदा), म्हणजे ‘नाही’. 이 맛 म्हणजे ही चव, 우리 집 म्हणजे आमचं घर किंवा आमचं दुकान. मागच्या ओळीप्रमाणे 밖에 सुटं धरलं तर ‘ही चव आमच्या दुकानाबाहेर नाही’ असं होईल. तो अर्थ फार दूरचा नसला तरी मालकाला जे म्हणायचं आहे ते नेमकं तेच नाही. इथे 밖에 हा प्रत्यय आहे. तो नामाला चिकटतो, त्याच्यापुढे नकार येतो, आणि दोघांचा मिळून अर्थ ‘फक्त हेच’ असा होतो. नियमाप्रमाणे लिहिलं तर 이 맛은 우리 집밖에 없습니다, म्हणजे ‘ही चव फक्त आमच्याकडेच’.

दोन्ही 밖에 दिसायला एकच आहेत. एकाच्या आधी जागा हवी आणि दुसऱ्याच्या आधी नको, आणि पाटीने दोन्हीकडची जागा खाल्ली आहे. तुमच्या हातात उरतं ते क्रियापद. होकारार्थी असेल तर ‘बाहेर’. नकारार्थी असेल तर आधी ‘फक्त’ घेऊन पाहा आणि तो अर्थ बसतच नसेल तर ‘बाहेर’कडे वळा. मी स्वतः अशा ओळी वाचताना बोट शेवटच्या तीन-चार अक्षरांवर ठेवते आणि 있 आहे की 없 हे आधी नक्की करते. धूसर फोटोत दोघांतला फरक बारीक असतो. 있 मध्ये वर गोल आणि त्याच्या उजवीकडे नुसती उभी काडी असते. 없 मध्ये त्या उभ्या काडीला डावीकडे एक छोटी रेघ निघते. खालची व्यंजनंही वेगळी असतात, पण ती बहुतेक वेळा चिकटून गेलेली दिसतात. वरचा भाग पाहा.

सहावी पायरी: 만 दिसला की थांबा

दुकानांच्या सूचनांत सर्वाधिक घोटाळा या एका अक्षराने होतो. त्याची दोन रूपं नाहीत, त्यामुळे चौथ्या पायरीची कसोटी इथे लागूच होत नाही.

प्रत्यय म्हणून 만 (मान) चा अर्थ ‘फक्त’, आणि तो नामाला चिकटतो. 현금만 म्हणजे फक्त रोख. 3일만세일 ही ओळ 3일만 세일 अशी तोडायची: सेल फक्त तीन दिवस.

परावलंबी नाम म्हणून 만 म्हणजे मध्ये गेलेला काळ. ते सुटं लिहायचं आणि त्याला पुढे 에 लागतं. कपडे दुरुस्तीच्या दुकानावर 하루만에수선 असं असेल तर ते 하루 만에 수선: एका दिवसात दुरुस्ती. इथे ‘फक्त’ धरलं तर ‘फक्त एकच दिवस दुरुस्ती’ असं होतं, आणि गिऱ्हाईक उद्या येऊन उपयोग नाही असं समजून परत जाईल. काळ दाखवणारा शब्द, मग 만, मग 에, असा क्रम दिसला की ‘इतक्या काळात’ किंवा ‘इतक्या काळाने’ हा अर्थ घ्या. मागे काळ नसेल किंवा पुढे 에 नसेल तर ‘फक्त’ आधी तपासा.

याखेरीज आकड्यापाठोपाठ आलेलं 만 म्हणजे दहा हजार. 3만원 म्हणजे तीस हजार वॉन. आणि दारूच्या दुकानावर 만19세미만출입금지 असं दिसलं तर त्यात दोन 만 आहेत, पण ‘फक्त’ एकही नाही. पहिलं 만 म्हणजे ‘पूर्ण’ वय, दुसरं 미만 म्हणजे ‘पेक्षा कमी’. अर्थ: पूर्ण 19 वर्षांखालच्यांना प्रवेश नाही.

सातवी पायरी: जिथे फोड चुकली तर नुकसान होतं

दवाखान्यांच्या पाट्यांकडे मी परत येते, कारण तिथे चूक झाली तर ती हसून सोडता येत नाही. कोरियात राहणाऱ्या एका मराठी मुलीने मला दोन फोटो पाठवले आणि विचारलं, दोन्ही त्वचारोगतज्ज्ञच ना? एकावर होतं ○○피부과의원. दुसऱ्यावर ○○의원, आणि बाजूला 피부과.

पहिल्या पाटीत 의 दिसतं. 의 हा षष्ठीचा प्रत्यय, म्हणजे आपला चा-ची-चे. तो कुठल्याही नामाला चालतो, त्यामुळे 피부과의 원 अशी फोड करून ‘त्वचाविभागाचं...’ असं काहीतरी वाचलं जातं आणि 원 चं काय करायचं ते कळत नाही. खरी फोड 피부과 + 의원 अशी आहे. 의원 (उईवॉन) म्हणजे दवाखाना, अखंड शब्द. 의 च्या पुढे 원 असेल आणि पाटी डॉक्टरची असेल तर प्रत्यय शोधू नका.

आता दोन पाट्यांमधला फरक. कोरियन वैद्यकीय कायद्याप्रमाणे 의원 या शब्दाच्या लगेच आधी शाखेचं नाव घालायचा अधिकार त्या शाखेच्या प्रमाणित तज्ज्ञालाच आहे. बाकी डॉक्टर त्वचारोगांवर उपचार करू शकतात, पण त्यांनी ‘अमुक 의원’ असं नाव लिहून वेगळं 진료과목 (जिल्यो-क्वामोक, उपचाराचा विषय) लिहायचं आणि त्यापुढे शाखा. या विषयाची अक्षरं दवाखान्याच्या नावाच्या अक्षरांच्या निम्म्यापेक्षा मोठी असता कामा नयेत, असाही नियम आहे. काही ठिकाणी 진료과목 ही चार अक्षरं फार बारीक किंवा बिनदिव्याची असतात आणि पुढचं 피부과 तेवढं डोळ्यात भरतं. फोटोत ती चार अक्षरं निसटली की दोन्ही पाट्या एकसारख्या वाटतात.

म्हणून दवाखान्याच्या पाटीवर आधी 의원 शोधा, मग त्याला चिकटून मागे काय आहे ते वाचा. शाखेचं नाव चिकटलेलं असेल तर तज्ज्ञ. शाखा 의원 च्या पुढे किंवा खाली सुटी असेल तर फोटो मोठा करून 진료과목 शोधा. त्या मुलीच्या दुसऱ्या फोटोत ती अक्षरं काचेच्या खालच्या कोपऱ्यात सापडली.

आठवी पायरी: पडताळा

फोड ठरली की प्रत्येक तुकडा 국립국어원 (कोरियाची राष्ट्रीय भाषासंस्था) च्या stdict.korean.go.kr या शब्दकोशात पाहा. तिथे नसेल तर opendict.korean.go.kr वर पाहा, त्यात बोलण्यातले आणि नवे शब्दही आहेत. पहिल्या शब्दकोशात एखाद्या नोंदीत मध्ये ^ ही खूण दिसली तर समजा की ते शब्द सुटे लिहिणं हा नियम आहे, पण जोडून लिहिलेले चालतात.

त्यानंतर दरफलक. 할머니뼈해장국 चा निकाल तिथे लागतो. दरफलकावर 뼈해장국 ही एक ओळ आणि तिच्यासमोर किंमत असेल तर तो पदार्थाचा पूर्ण शब्द ठरला, आणि 할머니 दुकानाच्या नावापुरती उरली. पदार्थ डुकराच्या कण्याच्या हाडांचा, भाज्या घालून उकळलेला. शेवटी कोरियन नकाशावर (map.naver.com) दुकानाचं नाव आणि प्रकार पाहा, आणि रस्त्यावरून घेतलेली जुनी छायाचित्रं असतील तर तीही. पाटी बदलली असेल तर जुन्या पाटीवर जागा किंवा रंगाचा फरक टिकलेला असतो.

नोंद कशी लिहायची

मराठीत आणताना फोड लपवता येत नाही, कारण आपल्याला ‘आजी’ आणि ‘हाडं’ यांच्यामध्ये प्रत्यय घालावाच लागतो. म्हणून नोंदीत मूळ, फोड, अर्थ आणि आधार हे चारही ठेवावेत:

```
पाटी:   할머니뼈/해장국
फोड:   할머니 | 뼈해장국
अर्थ:   आजीकडचं हाडांचं हेजांगकुक
आधार:  दरफलकावर 뼈해장국 हा वेगळा पदार्थ
```

कधी आधार सापडतच नाही. पाटीवर फक्त 큰집 असतं. जोडून वाचलं तर थोरल्या भावाचं घर, जिथे सणासुदीला पूर्वजांचे विधी करायला सगळं कुटुंब जमतं. सुटं 큰 집 वाचलं तर मोठं घर. बाच्छिमची कसोटी इथे लागत नाही, क्रियापद नाही, आणि दरफलकावरचे पदार्थ दोन्हीकडे सारखेच. खाणावळीच्या नावाला थोरल्या घराची ऊब जास्त शोभते असं मला वाटतं, पण तेवढ्याने ठरत नाही. अशा वेळी मजकुरात ‘खुनजिप’ असा उच्चार लिहा आणि खाली दोन्ही अर्थ द्या. मालकाला विचारायची संधी मिळाली तर नाव का ठेवलं असं न विचारता 붙여 써요, 띄어 써요? (जोडून लिहिता की तोडून?) एवढंच विचारा.